गोळ्या बंद करा म्हणाले, पुन्हा कधी सुरू करायच्या ते कोणी सांगितलंच नाही

2004 च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा सरकारी नोकरीत औषधनिर्माता होतो, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी. खिडकीवर एक माणूस आला. पंचेचाळिशीचा, अंगात शर्ट नुसता लटकलेला, खोकला असा की रांगेतली माणसं मागे सरकली. हातात घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद. कोण्या खाजगी दवाखान्याची चिठ्ठी होती, तीन महिने जुनी. त्यावर एकच ओळ: टीबीच्या सगळ्या गोळ्या बंद. खाली सलाईन आणि लिव्हरचं टॉनिक.

मी विचारलं, "मग पुन्हा सुरू केव्हा केल्या?"

तो म्हणाला, "बंद करा म्हणलं न जी डॉक्टरनं. मग बंदच केल्या."

त्याला कावीळ झाली होती, गोळ्यांमुळे झाली होती, आणि गोळ्या बंद करणं बरोबरच होतं. कावीळ उतरली, भूक लागली, माणूस धान रोवायला गेला. टीबी मात्र आतल्या आत वाढत राहिला. डब्यावर नाव असलेल्या त्या रुग्णाची कावीळ झाल्याची खबर कार्यक्रमाच्या माणसांना नव्हती आणि कार्यक्रमाचं रजिस्टर त्या दवाखान्याने कधी पाहिलेलं नव्हतं. तो माणूस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिला नाही. कावीळ त्याला घेऊन गेली नव्हती. टीबीने नेलं.

नोकरी संपली, पण ही एक ओळ डोक्यातून गेली नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सावकाश वाचा. घरात, गावात कोणी टीबीच्या गोळ्या खात असेल तर जरूर वाचा.

आधी थोडा इतिहास, कारण आज डॉक्टर जे नियम पाळतात ते कोणी खुर्चीत बसून लिहिलेले नाहीत. त्यांच्या मागे माणसं मेली आहेत.

1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं. इंजेक्शन होतं, कानाला त्रास द्यायचं, पण यकृताला नाही. 1952 मध्ये आयसोनियाझिड आलं. गोळी, स्वस्त, रोज घरी घेता येईल अशी. त्यामुळेच 1956 साली मद्रासला जे केंद्र सुरू झालं तिथे एक धाडसी प्रयोग करता आला: अर्धे रुग्ण सॅनेटोरियममध्ये आणि अर्धे मद्रासच्या गरीब वस्त्यांमधल्या आपापल्या घरी, औषधं दोन्हीकडे तीच. 1959 मध्ये निकाल छापला गेला. घरी राहणारेही जवळजवळ तेवढेच बरे झाले. सॅनेटोरियमची मक्तेदारी तिथे संपली. आपल्याकडे भामरागड, एटापल्ली, जिवती, कोरपना इथल्या माणसाला घरी बसून टीबीचं औषध मिळतं, त्याची मुळं त्या मद्रासच्या वस्त्यांमध्ये आहेत.

पण एक गोष्ट बदलली, आणि तिच्याकडे फार लोकांचं लक्ष गेलं नाही. सॅनेटोरियममध्ये रोज सकाळी कोणीतरी रुग्णाचा चेहरा पाहायचं. जेवला का, ओकारी झाली का, डोळे कसे आहेत. माणूस घरी गेला आणि ती रोजची नजर गेली.

तिची किंमत 1970 मध्ये अमेरिकेत कळली. वॉशिंग्टनला कॅपिटल हिल भागातल्या सरकारी कचेऱ्यांत टीबीचे रुग्ण सापडले, म्हणून तिथल्या 2,321 कर्मचाऱ्यांना आयसोनियाझिड दिलं. हे आजारी लोक नव्हते बरं का. धडधाकट, पुढे टीबी होऊ नये म्हणून गोळी घेणारे. त्यातल्या 19 जणांच्या यकृताला दाह झाला आणि दोघे मेले. तोवर या गोळीला अगदी निरुपद्रवी समजत होते. त्यानंतर अमेरिकेने मोठी पाहणी केली. तिच्यातून आणि नंतरच्या अनुभवातून जी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली ती अशी: भूक गेली, मळमळ सुरू झाली, तरी माणूस गोळी घेतच राहतो आणि तिथे घात होतो. पहिल्या लक्षणाला थांबलेला बहुधा वाचतो.

आज आपल्याकडे टीबीच्या रुग्णाच्या घरातल्या धडधाकट माणसांनाही प्रतिबंधक गोळ्या देतात. त्या घरांसाठी कॅपिटल हिलची गोष्ट जुनी झालेली नाही.

मद्रासच्याच केंद्राने पुढे आपल्या लोकांवरचा हिशेब मांडला. मेंदूच्या टीबीच्या लहान मुलांना आयसोनियाझिड वजनामागे किलोला 20 मिलिग्रॅम आणि सोबत रिफाम्पिसिन रोज दिलं तेव्हा 39 टक्के मुलांना कावीळ झाली. आयसोनियाझिड 12 वर आणल्यावर ते प्रमाण 16 टक्क्यांवर आलं. फुप्फुसाच्या टीबीत नेहमीच्या डोसाने ते 2 ते 8 टक्के इतकंच होतं. म्हणजे औषध वाईट नाही, पण डोस आणि जोडी यांचा संबंध आहे. शिवाय आपल्यातल्या बऱ्याच लोकांचं यकृत आयसोनियाझिड हळू पचवतं. ते अंगात जास्त वेळ राहतं आणि यकृताला त्रास व्हायची शक्यता वाढते. हा जन्मजात फरक आहे, बाहेरून दिसत नाही.

तिसरं औषध पायराझिनामाइड. याची कथा फार मजेशीर आहे, आणि आपल्या विषयाचा गाभाही तिथेच आहे. 1950 च्या दशकात ते मोठ्या डोसाने दिलं, यकृतं बिघडली, काही माणसं गेली, म्हणून औषध बाजूला ठेवलं. वीसेक वर्षांनी आफ्रिका आणि हाँगकाँगच्या चाचण्यांत कमी डोसाने परत आणलं आणि त्याच्याच जोरावर टीबीचा उपचार नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आला. बदनाम झालेलं औषधच कामाचं निघालं. तरी आजही चौघांत यकृतावर सगळ्यात भारी पडू शकणारं तेच धरतात, आणि परत सुरू करताना ते शेवटी येतं.

चौथं एथाम्ब्युटॉल. ते डोळ्यांकडे बघायला लावतं, यकृताकडे नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता यकृताला सूज आली हे ओळखायचं कसं?

रक्ताच्या तपासणीत मुख्य आकडा एसजीपीटी. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं हे द्रव्य रक्तात सांडतं. बहुतेक लॅबमध्ये त्याची वरची मर्यादा 40 च्या आसपास असते. आता ऐका: नुसत्या आयसोनियाझिडवरही दहातल्या एक-दोघांचा एसजीपीटी थोडा चढतो आणि गोळ्या चालू असतानाच आपोआप उतरतो. यकृत औषधाला सरावतं. प्रत्येक चढलेल्या आकड्याला गोळ्या बंद केल्या असत्या तर हजारो लोकांचा उपचार विनाकारण तुटला असता. म्हणून डॉक्टरांनी दोन रेषा आखल्या, 2006 च्या अमेरिकन मार्गदर्शनात त्या स्पष्ट लिहिल्या आहेत. मळमळ, ओकारी, भूक जाणं, पोटदुखी किंवा कावीळ असेल तर एसजीपीटी मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे साधारण 120 झाला की गोळ्या थांबवायच्या. काहीच त्रास नसेल तर पाचपट, म्हणजे 200 पर्यंत वाट पाहायची. मधल्या जागेत असलेल्याची तपासणी लवकर लवकर करायची, गोळ्या चालू ठेवून.

सगळ्यांची दर महिन्याला तपासणी करा असा नियम नाही, आणि करायची म्हटली तर आपल्या दुर्गम भागात जमणारही नाही. पण काही लोकांची गोळ्या सुरू करायच्या आधी एकदा आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी करायलाच हवी: रोज मोहाची घेणारे, आधीच कावीळ किंवा हिपॅटायटीस बी असलेले, एचआयव्ही असलेले, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाया, म्हातारी माणसं आणि अगदीच हाडं दिसणारी, कमी वजनाची माणसं. आपल्या दोन जिल्ह्यांत या यादीबाहेर किती रुग्ण उरतात, तुम्हीच सांगा. दारूबंदी गडचिरोलीत 1993 पासून आहे, चंद्रपुरात 2015 ला झाली आणि 2021 ला उठली, पण मोहफूल कोणाला विचारून पडत नाही. रुग्ण खरं सांगेल असा सूर लावून विचारावं लागतं. दरडावून विचारलं की सगळेच "नाही जी" म्हणतात.

बहुतेक वेळा हा त्रास पहिल्या दोन महिन्यांत येतो. त्या दोन महिन्यांत लॅबपेक्षा घरच्यांची नजर जास्त कामाची. आणि तिथे आपल्याकडे दोन-तीन फसगती आहेत.

एक लघवीची. रिफाम्पिसिनने प्रत्येकाची लघवी केशरी-लाल होते. घाम, डोळ्यातलं पाणीसुद्धा. हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्या टाकून देतो. आणि सांगितलं तर खरी कावीळ झाली तरी "गोळीचाच रंग आहे" म्हणून दुर्लक्ष करतो. फरक असा की गोळीचा रंग गोळीनंतरच्या काही तासांत जास्त असतो, मग फिका पडत जातो, आणि डोळे पांढरेच राहतात. कावीळीची लघवी दिवसभर कडक चहासारखी, आणि डोळ्याचा पांढरा भाग पिवळा. डोळे अंगणात, उन्हाच्या उजेडात पाहायचे. बल्बखाली सगळेच पिवळे दिसतात.

दुसरी फसगत सिकलसेलची. आपल्याकडे हा आजार किती आहे हे सांगायला नको. सिकलच्या रुग्णाचे डोळे टीबीच्या गोळ्यांआधीपासूनच पिवळसर असू शकतात, कारण त्याच्या लाल पेशी फुटत असतात. तिथे बिलिरुबिन वाढलेलं पण एसजीपीटी ठीक, असं चित्र दिसतं. सुरुवातीचा आकडा कागदावर नसेल तर नंतर आलेला डॉक्टर काय समजणार? गोळ्या उगाच बंद होतात. उलटंही होतं: "याचे डोळे नेहमीच पिवळे असतात" म्हणून खरा दाह निसटतो.

तिसरी मलेरियाची आणि पावसाळ्यातल्या पाण्याच्या कावीळीची. तापासोबत डोळे पिवळे झाले तर मेंदूच्या मलेरियापर्यंत जाणारा फॅल्सिपेरम असू शकतो, हिपॅटायटीस ए किंवा ई असू शकतो. टीबीच्या गोळ्यांवर दोष ठेवून मोकळं व्हायच्या आधी बोटातून रक्त काढून मलेरियाची तपासणी झालीच पाहिजे.

आणि नमुन्याचंही एक सांगतो, लॅबवाले मित्र दुजोरा देतील. आपल्या रस्त्यांवरून मोटारसायकलच्या डिकीत हिंदकळत, उन्हात तापत आलेल्या रक्ताच्या पेशी नळीतच फुटतात. मग एसजीओटी खोटा चढलेला येतो, कारण ते द्रव्य लाल पेशींतही असतं. एसजीपीटी त्या मानाने फार हलत नाही. वरचं पाणी गुलाबी-लाल दिसत असेल तर तो नमुना टाकून नवा घ्यावा.

आता एक गोष्ट सविस्तर सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वीची, माझ्या ओळखीतली. बाईचं नाव, गाव सांगणार नाही. नदीपलीकडचं गाव, एवढं पुरे.

वय तीस, वजन 38 किलो, फुप्फुसाचा टीबी, रिफाम्पिसिन लागू पडतं असा यंत्राचा अहवाल. आज चारही औषधं एकाच गोळीत येतात. देशभर रोजच्या गोळीची पद्धत 2017 पासून आली. त्या आधी आठवड्यातून तीनदा, डब्यातल्या पानांवर वेगवेगळ्या गोळ्या असत. आताच्या एका गोळीत आयसोनियाझिड 75, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि एथाम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम. 35 ते 49 किलोला रोज तीन. म्हणून तिला तीन. वजन कमी म्हणून डॉक्टरांनी सुरुवातीलाच रक्त तपासलं होतं, एसजीपीटी 31. त्या एका आकड्याने पुढे फार मदत केली.

मृगात गोळ्या सुरू झाल्या. चोविसाव्या दिवशी भात नको वाटू लागला. सासूला वाटलं दिवस गेले असतील. सत्ताविसाव्या दिवशी आशाताईंनी अंगणात नेऊन डोळे पाहिले. पिवळे. त्यांनी तिथेच दोन गोष्टी केल्या: त्या दिवसापासून सगळ्या गोळ्या थांबवल्या आणि फोन करून प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवलं. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी, 2004 मध्ये तीच झाली नव्हती.

अहवाल आला: एसजीपीटी 412, बिलिरुबिन 3.8. मर्यादेच्या दहापट. मलेरिया नाही, हिपॅटायटीस बी, ई नाही, सिकल नाही. रक्त गोठायची तपासणी ठीक, बाई पूर्ण शुद्धीत. हे दोन मुद्दे फार महत्त्वाचे. रुग्ण बडबडू लागला, झोपाळू झाला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, रक्त गोठायला उशीर लागू लागला, तर यकृत हात टेकत आहे असं समजायचं. मग गावात किंवा तालुक्याला वाट पाहायची नाही. गाडी काढून मोठं रुग्णालय गाठायचं.

आता पेच. गोळ्या थांबवल्या, पण टीबी ताजा होता, थुंकीत जंतू होते. फुप्फुसाचा साधा, फार न पसरलेला टीबी असेल आणि माणूस बरा असेल तर दोन-तीन आठवडे काहीच न देता थांबता येतं. मेंदूचा टीबी असेल किंवा थुंकीत अजून जंतू असतील तर थांबणं धोक्याचं. मग यकृताला त्रास न देणारी औषधं मधल्या काळापुरती देतात: एथाम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन, आणि गरज पडली तर 1940 च्या दशकातलं तेच म्हातारं स्ट्रेप्टोमायसिन. इतिहासात मागे पडलेलं औषध अशा वेळी कपाटातून परत निघतं. हिला एथाम्ब्युटॉल आणि लिव्होफ्लॉक्सासिन दिलं. एकटं एथाम्ब्युटॉल कधीच नाही, कारण एकाच औषधाला जंतू सरावतात.

घरात तोवर दुसरंच चाललं होतं. कावीळ म्हटल्यावर पुजाऱ्याकडे नेणं आलंच. माझा पुजाऱ्यांशी काही झगडा नाही. बाईला धीर त्यांनीच दिला. पण कोणती मुळी कशात उगाळून दिली जाते ते कळत नाही, आणि सुजलेल्या यकृताला काहीही नवीन पोटात नको. आशाताईंनी पुजाऱ्याला जाऊन सांगितलं, "माळ घाला, मंत्र म्हणा, पोटात काही देऊ नका." त्यांनी मानलं. कावीळीला तापत्या विळ्याने डाग देण्याची पद्धत अजून काही गावांत आहे, ती तेवढी टळली.

आठव्या दिवशी एसजीपीटी 238. उतरत होता. पुढचं रक्त चौदाव्या दिवशी घ्यायचं होतं, पण त्या आठवड्यात नदीला पूर. पर्लकोटा चढली की काय होतं हे भामरागडवाल्यांना विचारा. अठराव्या दिवशी नमुना निघाला: 71. नियम असा की आकडा मर्यादेच्या दुपटीखाली, म्हणजे 80 च्या खाली आला, मळमळ गेली, की सुरू करायचं. चार दिवस पुरात गेले, हा उशीर चालला. महिनाभर झाला असता तर चालला नसता.

आणि इथे खरी अडचण. सुरू करायचं म्हणजे एकेक औषध सुरू करायचं, कारण पुन्हा त्रास झाला तर कोणामुळे ते कळलं पाहिजे. पण घरात असलेल्या गोळीत चौघं एकत्र बसलेले. त्या गोळीतून एक काढता येत नाही. मी एका ठिकाणी पाहिलेली चूक सांगतो: "हळूहळू सुरू करू" म्हणून तीनऐवजी एकच गोळी रोज. यात चारही औषधं आली, म्हणून दोषी कोण ते कळत नाही. चारही एक तृतीयांश डोसात आली, म्हणून जंतू मरत नाहीत, उलट सरावतात. दोन्हीकडून नुकसान. परत सुरू करताना सुट्या गोळ्याच लागतात आणि त्या जिल्ह्याच्या क्षयरोग केंद्रातून मागवाव्या लागतात. गोळ्या थांबवल्या त्याच दिवशी मागणी केली तर यकृत शांत होईपर्यंत त्या पोचतात. यकृत शांत झाल्यावर मागणी केली तर आणखी दोन आठवडे गेले म्हणून समजा. तिच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच मागणी केली होती.

पहिलं रिफाम्पिसिन, 450 मिलिग्रॅम, उपाशीपोटी, सोबत एथाम्ब्युटॉल चालूच. पाच दिवसांनी रक्त: 58. ठीक. मग आयसोनियाझिड, आधी 100, तीन दिवसांनी 200. आठवड्याने रक्त: 44. ठीक. लिव्होफ्लॉक्सासिन थांबलं. प्रत्येक पायरीनंतर रक्त तपासणं हाच या पद्धतीचा कणा आहे. आकडा चढला असता तर शेवटी जे घातलं तेच काढलं असतं.

पायराझिनामाइड? डॉक्टरांनी ते पुन्हा दिलंच नाही. कावीळ स्पष्ट झाली होती, आणि बाकीची दोन मुख्य औषधं सोसली होती. त्या औषधाशिवाय उपचार सहाऐवजी नऊ महिने करावा लागतो. ती किंमत मोजायला सगळे तयार होते. आणि एक सोय अशी की कार्यक्रमात पायराझिनामाइड नसलेली तीन औषधांची एकत्र गोळीही असते, पुढच्या टप्प्याची. त्यामुळे सुट्या गोळ्या फक्त मधल्या काही आठवड्यांपुरत्या लागल्या, मग बाई पुन्हा रोजच्या तीन गोळ्यांवर आली.

कोणतं औषध आधी, यावर डॉक्टरांत मतं आहेत. अमेरिकन पद्धतीत रिफाम्पिसिन आधी. ब्रिटिश पद्धतीत आयसोनियाझिड आधी, 50 मिलिग्रॅमपासून चढवत. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. एस. के. शर्मा आणि सहकाऱ्यांनी हे 175 रुग्णांवर तपासून 2010 मध्ये छापलं: एका गटाला सगळी औषधं पूर्ण डोसात एकदम, दुसऱ्याला अमेरिकन पायऱ्या, तिसऱ्याला ब्रिटिश. 19 जणांना, म्हणजे जवळपास नवांत एकाला, पुन्हा त्रास झाला, आणि तीन गटांत ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही. ज्यांचं रक्तातलं अल्ब्युमिन आधीच कमी होतं त्यांना पुन्हा त्रास व्हायची शक्यता जास्त होती. अल्ब्युमिन कमी म्हणजे बऱ्याचदा पोटाला कमी. मला यातून एवढं कळतं की क्रमावर वाद घालत बसण्यापेक्षा यकृत शांत होईपर्यंत थांबणं आणि नंतर नजर ठेवणं जास्त मोलाचं. पण एकदम सगळं द्यायची हिंमत एम्सच्या वॉर्डात करता येते. जिथून रक्त लॅबला पोचायला नदी उतरायची वाट पाहावी लागते, तिथे मी तरी पायऱ्यांच्याच बाजूचा.

आणखी एक: हे सगळं डॉक्टरांच्या हातून. वाचून घरी कोणी गोळ्यांचा क्रम लावू नये. घरच्यांच्या हातात इतकंच: भूक गेली, ओकाऱ्या सुरू झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर त्या दिवशीची गोळी न घेता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं, आणि परत निघताना विचारायचं, "पुढचं रक्त कोणत्या तारखेला, आणि गोळ्या पुन्हा कोण सुरू करणार?" तारीख आणि नाव कागदावर लिहून घ्यायचं. खाजगीत दाखवलं असेल तर ती चिठ्ठी टीबी सुपरवायझरच्या हातात गेलीच पाहिजे.

त्या बाईचे नऊ महिने पुरे झाले. थांबलेले दिवस धरले नाहीत, म्हणून प्रत्यक्षात जरा जास्तच लागले. थुंकी साफ झाली, वजन 44 वर गेलं. आयसोनियाझिड परत सुरू झालं त्या आठवड्यात आशाताई तिच्या घरी गेल्या आणि जुन्या चार औषधांच्या गोळ्या मागितल्या. सासूने आधी नाही म्हटलं, मग धानाच्या ढोलीमागून एक पुडी काढून दिली. "सरकारी दवाई फेकावं कशी, म्हणून ठेवली जी." आशाताईंनी मोजल्या. नऊ गोळ्या होत्या. तीन दिवसांच्या.

— तुमच्या भागात सुट्या गोळ्या मागवल्यावर किती दिवसांत येतात, ते खाली जरूर लिहा. रुग्णाचं नाव-गाव मात्र लिहू नका.